सँडलचा सोल काही आठवड्यांत निघाला, तर दुकानाला तक्रारीचे पत्र कसे लिहावे

नव्या सँडलचा सोल महिन्या-दीड महिन्यात उघडला की बहुतेक जण कोपऱ्यावरच्या काकांकडून तो चिकटवून घेतात आणि विषय सोडून देतात. हजार-पंधराशे रुपयांसाठी भांडत कोण बसणार, असे वाटते. पण यात भांडण्यासारखे फारसे नसते. एका पानाचे पत्र, त्यासोबत बिलाची प्रत आणि चार फोटो इतके नीट दिले, तर बरीच दुकाने जोडी बदलून देतात किंवा पैसे परत करतात. दुकानात तोंडी बोलून जे होत नाही ते तारीख घातलेल्या कागदाने होते, कारण तोंडी बोलणे नाकारता येते आणि पोच घेतलेले पत्र नाकारता येत नाही. मी स्वतः या वाटेने गेलो आहे. ज्यांनी आजवर असे पत्र कधी लिहिलेले नाही त्यांच्यासाठी सगळा क्रम खाली देतो आहे.

1. आधी ती जोडी वापरणे थांबवा, आणि दुरुस्त तर मुळीच करू नका

सर्वांत मोठे नुकसान इथेच होते. सोल उघडला की आपण घरातला झटपट चिकटणारा गोंद लावतो किंवा कडेने शिवण मारून घेतो. मग दुकानदार म्हणतो, "यावर बाहेरचं काम झालंय, आता मूळ दोष काय होता ते कसं कळणार?" त्याचे हे म्हणणे खोडून काढणे अवघड जाते. म्हणून सोल अर्धा उघडलेला असेल तर तसाच राहू द्या. ओढून पूर्ण काढू नका, धुऊ नका. माती सुकली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा आणि दोन्ही पायांच्या सँडल कागदात गुंडाळून ठेवा. एकच बिघडली असली तरी पुढे दोन्ही दाखवाव्या लागतात, कारण दुसरीची झीज पाहून वापर किती झाला ते कळते.

2. सोल नेमका कसा निघाला ते पाहा

दुकानदाराचा पहिला प्रश्न हाच असतो: दोष मालाचा की वापराचा? याचे उत्तर पुष्कळदा सँडलवरच दिसते, म्हणून फोटो काढण्यापूर्वी उजेडात नीट बघा.

आजच्या बहुतेक सँडलचा सोल शिवलेला नसतो, तो सोल्युशनने चिकटवलेला असतो. चिकटवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग घासून खरखरीत करावे लागतात आणि साच्यातून सोल सुटावा म्हणून लावलेले तेलकट द्रव्य पुसून काढावे लागते. त्यानंतर सोल्युशन पुरते सुकवायचे, गरम करायचे आणि दाब द्यायचा. यातली एखादी पायरी घाईत उरकली तरी दुकानात जोडी अगदी घट्ट दिसते. चालताना पुढचा भाग रोज हजारो वेळा वाकतो, तेव्हा मात्र जोड सुटू लागतो. अशा वेळी सोल अख्खा, स्वच्छ सुटतो. एका बाजूला सोल्युशनचा चकचकीत पापुद्रा राहतो, दुसरी बाजू जवळजवळ कोरी असते आणि कुठेही फाटलेले नसते. हे चिकटवण्यातल्या कमतरतेचे स्पष्ट लक्षण आहे.

दुसरा प्रकार म्हणजे सोलचाच भुगा होणे. पीयू या हलक्या फेसाळ पदार्थाचे सोल हवेतल्या दमटपणाने वर्षांनुवर्षे हळूहळू कुजतात, न वापरता कपाटात पडून असले तरी. नवी म्हणून घेतलेली जोडी काही आठवड्यांत अशी चुरा होऊ लागली, तर तो माल बराच जुना असण्याची शक्यता मोठी. मग खोक्यावरच्या लेबलवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष पाहा. हा तपशील पत्रात फार कामाला येतो.

तिसरा प्रकार आपल्या बाजूचा नाही. सोलवर धारदार कशाने कापल्याची खूण असेल, कड गाडीच्या स्टँडवर घासून झिजलेली असेल, किंवा चामड्याची सँडल रात्रभर पाण्यात भिजून नंतर गॅसजवळ वाळवली असेल, तर तक्रार टिकणे कठीण. तसे असल्यास पत्रात वेगळे काही लिहू नका. खोटा तपशील एकदा उघडा पडला की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

3. कागद गोळा करा

लागणारे कागद थोडेच आहेत, पण पत्र लिहायला बसण्यापूर्वी ते हाताशी हवेत:

- बिल किंवा कॅश मेमो. छापील थर्मल बिलावरची अक्षरे काही महिन्यांत उडतात, म्हणून आजच त्याची झेरॉक्स काढा आणि फोटोही घ्या.
- यूपीआय किंवा कार्डाने पैसे दिल्याची नोंद. बिल हरवले असेल तर हीच मुख्य आधार ठरते.
- सँडलचे खोके, निदान त्यावरच्या लेबलचा फोटो. त्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाचा महिना आणि ग्राहकसेवेचा क्रमांक असतो.
- चार फोटो: दोन्ही सँडल एकत्र, सुटलेल्या जागेचा जवळून, तळाची झीज दाखवणारा आणि आतल्या बाजूला छापलेल्या नाव-क्रमांकाचा.
- वॉरंटीचे कार्ड दिले असेल तर त्याची प्रत.

बिल दिलेच नव्हते, असेही होते. वस्तू विकून बिल न देणे हीच 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेव्हा ती गोष्टही पत्रात एका वाक्यात नोंदवा.

4. एकदा दुकानात जाऊन या

थेट पत्र पाठवले तरी चालते. पण आधी एकदा जाऊन बोलावे, असे मला वाटते. निम्म्या वेळा काम तिथेच होते, आणि नाही झाले तरी "अमुक तारखेला आपल्या दुकानात आलो होतो, आपण असे सांगितले" हे वाक्य पत्राला वजन देते. गर्दीची संध्याकाळ टाळून सकाळी जा आणि काउंटरवरच्या पोरांशी वाद न घालता मालकांना किंवा व्यवस्थापकांना भेटा.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. "ठेवून जा, कंपनीला पाठवतो" असे म्हटले, तर लेखी पावती मिळाल्याशिवाय सँडल सोडून येऊ नका. पावतीवर तारीख, जोडीचे वर्णन, दोष आणि परत कळवण्याची मुदत हवी. पावतीविना दिलेली जोडी महिनाभराने सापडत नाही, आणि मग आपल्या हातात पुरावाही राहत नाही.

5. पत्र लिहा

पत्र एका पानात बसवा. राग, टोमणे, "तुम्ही लोकांना लुबाडता" यातले काही नको. वाचणाऱ्याला तीन गोष्टी लगेच सापडल्या पाहिजेत: काय घेतले, काय झाले, तुम्हाला काय हवे. मराठीत लिहिलेले उत्तम. खोक्यावरच्या उत्पादकालाही प्रत पाठवायची असेल आणि तो दुसऱ्या राज्यातला असेल, तर सोबत इंग्रजीत चार ओळींचा सारांश जोडा.

मागणी एकच आणि मोजता येईल अशी ठेवा. "योग्य ती कारवाई करावी" असे लिहिले तर दुकानदार फार तर दिलगिरी व्यक्त करील. किती रुपये परत हवेत, किंवा कोणत्या मापाची जोडी बदलून हवी, ते आकड्यात लिहा. पहिल्याच पत्रात मानसिक त्रासाचे पन्नास हजार मागू नयेत. त्याने समोरचा माणूस बोलणेच बंद करतो.

पुण्यातल्या एका दुकानातून 1,499 रुपयांना घेतलेल्या जोडीचे पत्र कसे दिसेल ते पाहा. नावे आणि क्रमांकांच्या जागा तुमच्या तपशिलाने भरा.

> दिनांक: 11 फेब्रुवारी 2026
>
> प्रति,
> मा. मालक / व्यवस्थापक,
> (दुकानाचे बिलावर छापलेले पूर्ण नाव व पत्ता)
>
> विषय: बिल क्र. ____, दि. 4 जानेवारी 2026 – सदोष सँडलचे पैसे परत मिळण्याबाबत
>
> महोदय / महोदया,
>
> मी दि. 4 जानेवारी 2026 रोजी आपल्या दुकानातून तपकिरी रंगाची, 8 नंबरची पुरुषांची सँडल (उत्पादक: ____, आर्टिकल क्र. ____) रु. 1,499 ला खरेदी केली. रक्कम यूपीआयने दिली. बिलाची व व्यवहाराच्या नोंदीची प्रत सोबत जोडली आहे.
>
> दि. 8 फेब्रुवारी 2026 रोजी डाव्या सँडलचा सोल अंगठ्याच्या बाजूने सुटू लागला आणि आता तो मध्यापर्यंत उघडला आहे. सोल कुठेही फाटलेला किंवा कापलेला नाही. वरच्या भागावर सोल्युशनचा थर तसाच असून सोलच्या बाजूला तो चिकटलेलाच दिसत नाही. सँडल केवळ रोजच्या चालण्यासाठी वापरली आहे. ती पाण्यात भिजलेली नाही व तिच्यावर कोणतीही दुरुस्ती केलेली नाही. फोटो सोबत आहेत.
>
> दि. 10 फेब्रुवारी 2026 रोजी मी सँडल घेऊन आपल्या दुकानात आलो होतो. त्या वेळी "विकलेला माल परत घेतला जात नाही" असे मला सांगण्यात आले.
>
> खरेदीनंतर पाच आठवड्यांत सोल सुटणे हा ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(10) नुसार वस्तूतील दोष आहे. 
>
> तरी हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आत रु. 1,499 परत करावेत, ही विनंती. सँडल माझ्याकडे जशीच्या तशी जपून ठेवली असून आपण सांगाल त्या वेळी तपासणीसाठी दाखवण्याची माझी तयारी आहे. मुदतीत उत्तर न आल्यास मला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन व जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे लागेल.
>
> आपला / आपली,
> (सही, नाव, पत्ता, मोबाइल)
>
> सोबत: 1) बिलाची प्रत 2) यूपीआय नोंद 3) चार फोटो 4) खोक्यावरील लेबलचा फोटो

यातल्या दोन जागांवर थोडे थांबायला हवे.

पहिली म्हणजे "पाण्यात भिजलेली नाही, दुरुस्ती केलेली नाही" हे वाक्य. दुकानदाराच्या दोन ठरलेल्या सबबींना ते आधीच उत्तर देते. पण ते खरे असेल तरच लिहा. पावसाळ्यात घेतलेली जोडी भिजलेली असणारच. तेव्हा "पावसाळी सँडल म्हणूनच विकली गेली होती" हा मुद्दा लिहा, आणि तसे बिलावर, खोक्यावर किंवा जाहिरातीत छापले असेल तर त्याचा फोटो जोडा.

दुसरी म्हणजे कलम 2(10) चे वाक्य. त्याच कायद्याच्या कलम 2(47) मधल्या तीस दिवसांच्या तरतुदीचा आधार इथे मुद्दाम घेतलेला नाही, कारण ही जोडी दुकानात नेली तेव्हा खरेदीला तीस दिवस उलटून गेले होते. कायद्यातल्या त्या तरतुदीत म्हटले आहे की बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत, सदोष वस्तू परत घेऊन पैसे परत करायला नकार देणे ही अनुचित प्रथा आहे. त्यावरून अनेकांचा समज होतो की एकतिसाव्या दिवशी आपला हक्क संपला. तो तसा संपत नाही. वस्तूतल्या दोषाबद्दल आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. तरीही दोष दिसताच लगेच लिहा. पाच आठवड्यांनी सुटलेल्या सोलबद्दल सहा महिन्यांनी लिहिले, तर मधल्या काळातही ती वापरली असेल असेच कोणीही धरून चालेल.

6. पत्र पोहोचवा आणि पोच घ्या

पत्राच्या दोन प्रती काढा. एक दुकानात द्या आणि दुसरीवर "मिळाले" असे लिहून तारीख, सही व शिक्का घ्या. ही दुसरी प्रत जपून ठेवा. मूळ बिल कोणालाही देऊ नका, प्रतच द्यायची.

सही द्यायला नकार दिला तर वाद न घालता निघा आणि तेच पत्र पोस्टाने पाठवा. जुनी रजिस्टर्ड पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे, म्हणून काउंटरवर स्पीड पोस्ट सांगा आणि पोहोचल्याचा पुरावा हवा असेल तर तो तिथेच मागून घ्या. पावतीवरच्या क्रमांकाने पत्र कधी पोहोचले ते पाहता येते. ती नोंद दिसली की तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. बिलावर ईमेल किंवा व्हॉट्सअॅप क्रमांक असेल तर तिथेही पत्राचा फोटो पाठवा. मात्र पोस्टाऐवजी नव्हे, पोस्टासोबत.

7. दुकानातून काय उत्तर येईल

"विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हे बिलावर छापलेलेच असते. मन बदलले, रंग आवडला नाही, अशा कारणांसाठी ते लागू पडू शकते. सदोष मालाच्या बाबतीत अशी छापील ओळ कायद्याच्या वर जात नाही. सेलमध्ये घेतलेल्या जोडीचेही तसेच आहे. सवलत किमतीत मिळते, म्हणून सोल सुटणे चालवून घ्यायचे असे नाही. फक्त तो दोष दाखवून, बिलावर लिहून जोडी स्वस्तात दिली असेल, तर तुमची बाजू लंगडी पडते.

"कंपनीला कळवा, आमचा काय संबंध?" हे दुसरे उत्तर. पैसे तुम्ही दुकानाला दिले, बिल दुकानाने दिले, तेव्हा विक्रीचा करार दुकानाशी आहे. दुकान आपल्या पुरवठादाराकडून वसूल करील, तो त्यांचा आपसातला व्यवहार. उत्पादकाला प्रत जरूर पाठवा, पण मागणी दुकानाकडेच ठेवा.

तिसरे उत्तर गोड असते: "आणा, फुकट चिकटवून देतो." इथे विचार करून ठरवा. पृष्ठभागच नीट तयार केलेला नसेल, तर त्यावर नुसते सोल्युशन ओतून केलेला जोड पुन्हा सुटण्याचीच शक्यता जास्त. म्हणून इतक्या लवकर सोल सुटलेला असताना मी तरी बदली किंवा पैसे यांवरच ठाम राहीन. दुरुस्ती मान्य करायचीच असेल तर जुने सोल्युशन काढून, घासून, पुन्हा चिकटवून कडेने शिवून द्यायला सांगा. "तीन महिन्यांत पुन्हा सुटल्यास पैसे परत" हे बिलाच्या मागे लिहून घ्या.

क्रेडिट नोट देऊ केली तर ती किती दिवस चालेल ते आधी पाहा. त्या दुकानातून पुन्हा काही घ्यायचे नसेल तर नम्रपणे नको म्हणा.

8. पंधरा दिवस गेले आणि उत्तर नाही

आता 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा किंवा `consumerhelpline.gov.in` वर तक्रार नोंदवा. मराठीत बोलता येते. नोंदणीनंतर एक क्रमांक मिळतो तो लिहून ठेवा. हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे. ती दुकान किंवा कंपनीपर्यंत तक्रार पोहोचवते आणि तडजोड घडवायचा प्रयत्न करते. मोठ्या साखळी दुकानांच्या बाबतीत याचा चांगला उपयोग होतो, गल्लीतल्या एकट्या दुकानाच्या बाबतीत कमी.

त्यानेही काही झाले नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, दुकान दुसऱ्या शहरात असले तरी. म्हणजे पुण्यात सँडल घेतली आणि तुम्ही साताऱ्याला राहता, तर साताऱ्यातच. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल करण्याचे शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. ऑनलाइन दाखल करण्यासाठी `e-jagriti.gov.in` हे पोर्टल आहे. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांचे कार्यकर्ते तक्रार लिहायला मार्गदर्शन करतात, तिथे आधी कागद दाखवून घ्यावेत.

मात्र हिशोब करून पुढे जा. तीन महिन्यांत, आणि प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा सांगतो, प्रत्यक्षात जास्त वेळ लागू शकतो. प्रयोगशाळेच्या तपासणीचा खर्च जोडीच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतो. म्हणून सुटलेल्या जागेचे स्पष्ट फोटो आणि न वापरता ठेवलेली जोडी यांचे मोल इतके आहे. तपासणीविनाही आयोगाला दोष डोळ्यांनी दिसला पाहिजे. आयोग पैसे परत, बदली, नुकसानभरपाई आणि खर्च यांपैकी काही देऊ शकतो, म्हणून पोस्टाच्या आणि झेरॉक्सच्या पावत्याही फाइलमध्ये ठेवा.

सोल अचानक सुटून तुम्ही जिन्यावर पडलात आणि हाड मोडले, तर मात्र हे प्रकरण सँडलच्या किमतीपुरते राहत नाही. त्याच कायद्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेच्या भरपाईची वेगळी तरतूद आहे. डॉक्टरांचे कागद, एक्स-रे, बिले जपून ठेवा आणि दुकानाला पत्र देण्यापूर्वी वकिलांचा सल्ला घ्या.

9. दुकान तयार झाले तर

पैसे परत मिळणार असतील तर ते ज्या मार्गाने दिले त्याच मार्गाने मागा. यूपीआयने दिले असतील तर यूपीआयने, म्हणजे नोंद राहते. रक्कम खात्यात आल्यावरच सँडल ताब्यात द्या. बदली जोडी मिळाली तर नवे बिल, किंवा जुन्या बिलावर "दि. ____ रोजी बदलून दिली" अशी सही-शिक्क्यासह नोंद घ्या, कारण दुसरी जोडीही उघडली तर पुढचा सगळा पत्रव्यवहार त्या तारखेपासून मोजला जाईल. आणि दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी नव्या जोडीचा पुढचा भाग दोन्ही हातांनी चांगला वाकवून, कडेने फट दिसते का ते पाहून घ्या.